‘थोडी डागडुजी आवश्यक’

‘पुण्यात पेठेत मोक्याच्या जागी पेशवेकालीन सागवानी वाडा विकणे आहे. थोडी डागडुजी आवश्यक. क्लिअर टायटल. बिल्डर, गुंतवणूकदार व हौशी सर्वांस उत्तम संधी.’

या धाटणीची जाहिरात कुणीही कधी ना कधी वाचलेली असते. तिच्यावर फोनही भरपूर येतात. माणसे वाडा बघायला येतात, चौकात उभी राहून वर बघतात, दिंडीदरवाज्याचे फोटो काढतात आणि बहुतेक वेळा परत येत नाहीत. एखादा टिकतो, विसार देतो. मग त्याचा वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो, ‘चौदा दिवसांच्या आत हरकती कळवाव्यात’, आणि पाठोपाठ नागपूरची आत्या किंवा तळमजल्यावरचा भाडेकरू पुढे येतो. विसार परत करण्यावरून भांडण लागते. वाडा तिथेच, एका पावसाळ्याने आणखी जुना.

यात खरेदीदाराची धरसोड जेवढी असते, तेवढाच दोष जाहिरातीचा असतो. त्या चार ओळींतला प्रत्येक शब्द काहीतरी झाकतो. कायद्याने मात्र हे झाकण्याची मुभा दिलेली नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधल्या कलम ५५ प्रमाणे, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, मालमत्तेतला किंवा मालकीहक्कातला मोठा दोष खरेदीदाराला सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. अट एवढीच की तो दोष विकणाऱ्याला ठाऊक असावा, खरेदीदाराला ठाऊक नसावा आणि साधारण काळजीने पाहूनही सापडण्यासारखा नसावा. असा दोष न सांगणे हे त्याच कलमाने कपट मानले आहे. वाड्यात असे दोष भरपूर असतात, कारण वाड्याचा सांगाडा भिंतीच्या पोटात आणि त्याची मालकी कपाटातल्या बोचक्यात असते.

पहिला शब्द ‘पेशवेकालीन’. पेशवाई १८१८ साली संपली. म्हणजे हा शब्द लिहिणारा माणूस वाडा दोनशे वर्षांहून जुना असल्याचे सांगत असतो. पेठांतले कितीतरी वाडे त्यानंतरचे आहेत आणि जे खरोखर तेव्हाचे आहेत, तेही जसेच्या तसे राहिलेले नाहीत. छपरावर मंगलोरी कौले असतील तर निदान ते छप्पर नंतरचे, कारण मंगळूरचा पहिला कौलांचा कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये काढला. माडीखाली लोखंडी तुळई दिसली, तर ती माडी इंग्रजी अमदानीतली किंवा तेव्हा दुरुस्त केलेली. उलट चौकाभोवती सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत गेलेले कोरीव खांब, त्यांच्यावर महिरपी आणि केळफुलाची नक्षी असेल, तर तो भाग पेशवाईच्या वळणाचा आहे असे म्हणता येते. ‘वळणाचा’ म्हणावे, ‘काळातला’ नव्हे. ही नक्षी करणारे सुतार १८१८ नंतरही होते.

पुण्यात आणखी एक तारीख लक्षात ठेवावी लागते, १२ जुलै १९६१. पानशेत फुटले आणि मुठेकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे पडले किंवा अर्धे उरले. नारायण पेठ, शनिवार पेठ किंवा कसब्याच्या नदीकडच्या बाजूला वाडा असेल, तर पाणी कुठवर चढले होते आणि नंतर काय नव्याने बांधले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना बहुधा आठवते. ते लिहून टाकावे. पुरानंतर बांधलेली विटांची भिंत दिसल्याने वाड्याची किंमत उतरत नाही. ‘पेशवेकालीन’ म्हणून सांगितलेली भिंत १९६२ ची निघाली, तर मात्र बाकीच्या सगळ्या सांगण्यावरचा विश्वास उडतो.

म्हणून वय लिहिताना एक आकडा देण्यापेक्षा भागवार लिहिणे बरे. जोते आणि चौक कधीचे वाटतात व कशावरून, माडी कधीची, छप्पर केव्हा बदलले, आणि हातात असलेला सर्वांत जुना कागद कोणत्या सालचा. वाड्याचे वैशिष्ट्य सांगण्याची हीच जागा. देवडी, ओसरी, माजघर, देवघर, धान्याचे बळद, परसातला आड यांतले काय शिल्लक आहे आणि काय बुजवले, हे स्पष्ट लिहावे. खोल्या चौरस फुटांत द्याव्यात, पण खणांतही द्याव्यात. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, साधारण चार ते सहा फुटांचा. ‘पाच खणी माडी’ म्हटले की जाणकाराला खांबांची मांडणी डोळ्यांपुढे दिसते आणि आत भिंत काढून मोठा हॉल करता येईल का, याचेही उत्तर मिळते.

आता ‘सागवानी’ आणि ‘थोडी डागडुजी’. हे दोन शब्द एकत्रच वाचायला हवेत, कारण वाड्याची डागडुजी ही मुख्यतः लाकडाची डागडुजी असते. वाड्याचा भार भिंतींपेक्षा लाकडी सांगाड्यावर जास्त असतो. दगडी तळखड्यावर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट आणि पाटांवर मातीचा थर, अशी ही रचना असते. तिलाच आपण कडीपाट म्हणतो. चौकातले उघडे खांब सहसा उत्तम असतात. त्यांना वारा लागतो, ते पुसले जातात आणि फोटोत तेच येतात. कुजतात ते भिंतीत पुरलेले. जमिनीतली ओल जोत्यावाटे चढते आणि खांबाचा तळ आतून पोखरते. वरून गिलावा असल्याने ते दिसत नाही.

ते ओळखायला यंत्र लागत नाही. खांबाच्या तळाशी हातोडीने हलके ठोकून पाहावे. निरोगी साग खणखणतो, पोखरलेला ‘बद्द’ बोलतो. स्क्रूड्रायव्हरचे टोक सहज अर्धा इंच आत गेले, तर तिथले लाकूड संपले आहे. माडीवर गोटी ठेवावी. ती आपोआप एकाच कोपऱ्याकडे घरंगळली, तर त्या बाजूची कडी किंवा तिच्याखालचा खांब खचला आहे. एखादे दार पावसाळ्यातच नव्हे तर बाराही महिने घासत असेल, तर चौकट ओळंब्यातून गेली आहे.

दोन दोष मात्र वाड्याच्या वयाने येत नाहीत, आपणच आणतो. पहिला म्हणजे माडीवरची मोरी. पूर्वी आंघोळ आणि धुणे-भांडी परसात आडाजवळ होत. बिऱ्हाडे वाढली, तशा वरच्या मजल्यांवर मोऱ्या आणि संडास आले. कडीपाटाच्या मातीवर कोबा घालून वर फरशी बसवली गेली. सांध्यातून झिरपलेले पाणी मातीत मुरते, बाहेर यायला वर्षे घेते आणि तोवर भिंतीत रुतलेली कड्यांची टोके कुजून जातात. दुसरा म्हणजे सिमेंटचा गिलावा. माती आणि चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिला सिमेंटचे कवच चढवले की ओल आत कोंडते, आणखी वर चढते आणि शेजारच्या खांबाला लागते. भिंतीच्या खालच्या तीनेक फुटांत फुगे, पापुद्रे आणि पांढरी पूड दिसत असेल, तर हेच झालेले आहे. त्यावर ताजा रंग मारून फोटो काढणे ही या व्यवहारातली सर्वांत जुनी चलाखी आहे. पहिल्या पावसात ती उघडी पडते.

‘डागडुजी’ हा शब्द काढून त्या जागी मोजणी टाकावी. एकूण खांब किती, त्यांतले किती बाद, किती कड्यांची टोके बदलावी लागतील, छपराची कोणती बाजू गळते, किती वासे आणि रिपा वाळवीने खाल्ल्या आहेत. खर्चाचा आकडा विकणाऱ्याने दिला नाही तरी चालते. मोजणी हातात असली की खरेदीदार आपल्या सुताराकडून तो काढून घेतो.

स्ट्रक्चरल ऑडिट जोडत असाल, तर ते कोणी आणि कसे केले तेही लिहावे. काँक्रीटच्या इमारतीसाठीच्या चाचण्या वाड्याच्या लाकडाबद्दल काही सांगत नाहीत. जुन्या इमारतींच्या संवर्धनाचे काम केलेल्या वास्तुविशारदाने किंवा अभियंत्याने गिलावा चार ठिकाणी उकरून खांब पाहिला असेल, तर त्या दोन पानांना मोल आहे.

महापालिकेची नोटीस आली असेल, तर ती लपवण्याचा प्रश्नच येत नाही. मोडकळीला आलेल्या इमारतींना महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली नोटिसा जातात आणि इमारतींचे चार वर्ग केले जातात. ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. ‘सी-२अ’ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची. ‘सी-२ब’ म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करायची. ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. जाहिरातीत हा वर्ग आणि नोटिशीची तारीख येऊ द्यावी. सी-२ब चा वाडा घेणारा आणि सी-१ चा वाडा घेणारा ही दोन वेगळी माणसे असतात.

निर्बंधांबद्दल बोलताना दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. एक, वाडा स्वतः वारसा यादीत असणे. दोन, वाडा एखाद्या संरक्षित स्मारकाजवळ असणे.

वारसा यादी ही महापालिकेची असते आणि तिच्यात श्रेणी असतात. यादीत नाव असले म्हणून वाडा विकता येत नाही, ही समजूत चुकीची आहे. विक्रीला आडकाठी नसते, बदलांना असते. पहिल्या श्रेणीत बळकटीकरणापलीकडे आत-बाहेर हात लावता येत नाही. दुसऱ्या श्रेणीत रूप राखून आतले बदल आणि नवा वापर यांना वाव असतो. तिसऱ्या श्रेणीत त्याहून अधिक मोकळीक असते. प्रत्येक बदलाची वाट मात्र परवानगीतूनच जाते. श्रेणी माहीत असेल तर ती लिहावी. नसेल तर महापालिकेच्या वारसा विभागातून कागदावर उत्तर घ्यावे आणि मगच जाहिरात द्यावी.

दुसरी गोष्ट अधिक कडक आहे. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर हे विनियमित क्षेत्र असते. मूळ कायदा १९५८ चा, या हद्दी १९९२ च्या अधिसूचनेतून आल्या आणि २०१० च्या दुरुस्तीने त्या कायद्यातच पक्क्या झाल्या. पुण्यात शनिवारवाड्याभोवतीची शेकडो घरे या वर्तुळात येतात. प्रतिबंधित क्षेत्रात १६ जून १९९२ पूर्वीच्या घराची दुरुस्ती आणि नूतनीकरण परवानगी घेऊन करता येते, पण ते पाडून तिथे नवे बांधता येत नाही. म्हणजे या शंभर मीटरांत वाडा कोसळला, तर मालकाच्या हाती मोकळी जमीन उरते आणि तिच्यावर बांधायचा हक्क उरत नाही. विनियमित क्षेत्रात नवे बांधकाम, पुनर्बांधणी आणि दुरुस्ती, सगळ्यालाच परवानगी लागते आणि उंचीवर मर्यादा येऊ शकते. परवानगीशिवाय केलेल्या कामाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

हे अंतर स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून सरळ रेषेत मोजतात. ‘शनिवारवाड्यापासून चालत पाच मिनिटे’ ही जाहिरातीतली ओळ मोठ्या कौतुकाने लिहिलेली असते. बिल्डर ती वाचून पान उलटतो. त्या जागी ‘संरक्षित हद्दीपासून अमुक मीटर, विनियमित क्षेत्र’ असे लिहिले, तर ज्याला कळते त्याला सगळे कळते. नदीकाठच्या वाड्याला याच ओळीत पूररेषेची माहितीही जोडावी.

राहिले ‘क्लिअर टायटल’. आजोबांच्या नावचे प्रॉपर्टी कार्ड आणि तीन पिढ्यांचे वारस, ही पेठेतल्या वाड्याची नेहमीची स्थिती. त्यात मुलींचा हक्क विसरलेला असतो किंवा विसरल्यासारखे केलेले असते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मानेच आहे आणि २००५ ची दुरुस्ती आली तेव्हा वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. हक्कसोडपत्र नोंदवलेले नसेल, तर नागपूरच्या आत्याची सही लागणारच. एकट्याचा हिस्सा विकत घेऊन आत शिरू, असे मानणाऱ्या खरेदीदारालाही कलम ४४ आडवे येते. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला अविभक्त हिस्सा घेणाऱ्या परक्याला त्या घराचा सामाईक ताबा मागता येत नाही.

भाडेकरूंबाबत एक गैरसमज फार पक्का आहे. वाडा पडला की भाडेकरूचा हक्क संपला, असे विकणारे कानात सांगतात. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाडलेल्या एका इमारतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नेमके उलट सांगितले. इमारत गेली तरी भाडेपट्ट्यात जमीनही असते, म्हणून केवळ पाडण्याने भाडेकरूपण संपत नाही. वाड्याबरोबर भाडेकरू येतात, ते कोण, किती जागेत आणि केव्हापासून, हे जाहिरातीत हवे.

आता हे सगळे एका ठिकाणी मांडून पाहू. खालचा वाडा नमुन्यादाखल रचलेला आहे, पण त्याच्यासारखे वाडे पेठेत गल्लोगल्ली आहेत. त्याची जुनी जाहिरात वर दिली तीच. नवी अशी होईल:

‘शनिवार पेठ, पुणे. जमीन २,८०० चौरस फूट, तळमजला आणि माडी, एक चौक, परसात चालू आड. चौकाभोवती आठ सुरूदार खांब, चांगल्या स्थितीत. जोते व चौक जुन्या वळणाचे. हाती असलेला सर्वांत जुना कागद १८९१ चा. छप्पर मंगलोरी कौलांचे. १९६१ च्या पुरात तळमजल्यावर पाणी होते, मागची भिंत त्यानंतर विटांत बांधली.

दुरुस्ती: एकूण २२ खांब, त्यांपैकी भिंतीतले तीन तळाशी कुजलेले. माडीवरच्या मोरीखालच्या ११ कड्यांची टोके बाद. पश्चिमेचे छप्पर गळते. तळमजल्याला सिमेंटचा गिलावा, चार फुटांपर्यंत ओल. महापालिकेची नोटीस: सी-२ब, मागील मे महिन्यात.

निर्बंध: शनिवारवाड्याच्या संरक्षित हद्दीपासून सुमारे २४० मीटर, विनियमित क्षेत्र. कोणत्याही बांधकामास परवानगी आवश्यक. वारसा यादीत नाव नाही, तसे पत्र सोबत.

मालकी: सात सहमालक, सहा जणांची लेखी संमती, सातव्यांशी बोलणी चालू. भाडेकरू दोन: मागील खोली २६० चौरस फूट, रस्त्यावरचे दुकान ११० चौरस फूट. दिंडीदरवाजा, महिरपी, झोपाळ्याच्या कड्या व सर्व बसवलेले लाकूडकाम विक्रीत समाविष्ट.’

शेवटचे वाक्य किरकोळ वाटते, पण वादाचे मूळ पुष्कळदा तिथे असते. कोरीव दरवाजे आणि खांब वेगळे विकत घेणारे व्यापारी वाड्याच्या आधी दारात पोचतात. बसवलेले लाकूड घरासोबत जाते, हा नियम आहे. वेगळे काही काढून घ्यायचे असेल, तर ते आधीच लिहावे. शंभर वर्षांहून जुनी आणि इमारतीतून सुटी केलेली वस्तू पुरावस्तू ठरू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

या जाहिरातीवर फोन कमी येतील. बारा मजल्यांचा नकाशा डोक्यात असलेला माणूस ‘विनियमित क्षेत्र’ वाचून फोनच करणार नाही. सहा महिन्यांत सौदा उरकू पाहणारा सातव्या सहमालकापाशी थांबेल. जो येईल, तो तीन खांब आणि अकरा कड्यांचा हिशेब करून येईल आणि भावातून तेवढेच वजा करायला बघेल. ‘थोडी डागडुजी’ वाचून आलेला माणूस मात्र भीतीपोटी, न दिसणाऱ्या दोषांचेही पैसे कापून भाव सांगतो.

फोटोंचेही तसेच. चौक, माडी, दिंडीदरवाजा द्यावा. सोबत कुजलेल्या खांबाचा तळ, मोरीखालच्या कड्या आणि ओलीची भिंत यांचे एकेक छायाचित्र, रंग न मारता. प्रॉपर्टी कार्ड, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, नोटिशीची प्रत आणि वारसांची यादी एका फाइलमध्ये लावून ठेवावी आणि पहिल्याच भेटीत समोर ठेवावी. वाडा दाखवायचा दिवस निवडता येत असेल, तर तो जुलैतला, भरपावसाचा असावा.